मशीन मुदत कर्जातून, मिरची ओडीतून: रोजच्या बाकीवर चालणारं व्याज कसं मोजायचं

मार्च महिन्यातली दुपार होती. कोल्हापूरकडच्या एका छोट्या मसाला उद्योगात मी हिशेब बघायला बसलो होतो. बाहेर बायका मिरचीचे देठ खुडत होत्या, आत कांडप यंत्र चालू होतं आणि वर्षाची चटणी करून घ्यायला आलेल्यांची रांग दारापर्यंत गेली होती. ताईंनी गल्ल्याखालचा ड्रॉवर उघडून मला बिलं दिली, तेव्हा त्यांच्यात दोन लाखांचा एक धनादेश दिसला.

“ताई, हा कधीचा?”

“अकरा तारखेला संध्याकाळी मिळाला. या गर्दीत बँकेत जायला सवड कुठे मिळते, दादा?”

त्या दिवशी अठरा तारीख होती. ताईंच्या ओडी खात्यात तेव्हा साडेपाच लाख रुपये उचललेले होते. दुसऱ्याच दिवशी, बारा तारखेला, हा धनादेश खात्यात जमा झाला असता, तर पुढच्या सात दिवसांचं दोन लाखांवरचं व्याज लागलंच नसतं. ती रक्कम होते ४२० रुपये. ड्रॉवरमधल्या कागदाचे रोज ६० रुपये जात होते आणि ते कुठल्याही बिलावर दिसत नव्हते.

ताईंनी आधी एकदा मशीन कर्ज फेडलं होतं, म्हणून व्याज म्हणजे महिन्याच्या हप्त्यात येणारी गोष्ट अशीच त्यांची समजूत होती. ओडीला हप्ता नसतो, तिथे दिवस मोजले जातात. एवढा फरक नीट कळला, की कुठल्या कामाला कुठलं कर्ज घ्यायचं हेही बरंच उलगडतं. म्हणून पुढचा सगळा हिशेब ताईंच्याच खात्याच्या आधाराने मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

मुदत कर्ज म्हणजे ठरलेली रक्कम एकदा मिळते आणि ठरलेल्या वर्षांत हप्त्यांनी फिटते. फेडलेले पैसे परत उचलता येत नाहीत.

ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ओडी, यात बँक एक मर्यादा ठरवून देते. त्या मर्यादेत हवे तेव्हा पैसे उचलायचे, आले की भरायचे, पुन्हा उचलायचे. जेवढे उचलले आणि जितके दिवस वापरले, तेवढ्यावरच व्याज. माल आणि येणी नजरगहाण ठेवून अशी मर्यादा मिळते तेव्हा तिला कॅश क्रेडिट किंवा बोलीभाषेत ‘सीसी’ म्हणतात. घर, गाळा किंवा मुदत ठेव तारण असेल तर सहसा ओडी म्हणतात. व्याज मोजायची रीत दोन्हीकडे एकच असल्याने इथे दोन्हींना ओडीच म्हणतो. जिथे फरक पडतो तिथे वेगळं सांगेन.

ड्रॉपलाइन ओडी नावाचा एक प्रकारही आता बराच दिसतो. त्यात मर्यादाच दर महिन्याला थोडी थोडी कमी होत जाते. कागदावर ओडी असली तरी वागायला ती मुदत कर्जाच्या जवळची आहे, त्यामुळे मंजुरीपत्रात हा शब्द आहे का ते सही करण्याआधी बघा.

पहिली पायरी: एका लाखाला रोज किती?

ताईंच्या ओडीचा व्याजदर १०.९५ टक्के आहे आणि मर्यादा ६ लाखांची. एका लाखावर या दराने वर्षाचं व्याज १०,९५० रुपये होतं. त्याला ३६५ ने भागलं की ३० रुपये येतात. म्हणजे खात्यातून उचललेला प्रत्येक लाख एका दिवसाचं ३० रुपये भाडं घेतो. दर वेगळा असेल तर त्याला २.७४ ने गुणा, तुमचं एका लाखाचं रोजचं भाडं मिळेल. १२ टक्क्यांना ते जवळजवळ ३३ रुपये होतं, ९ टक्क्यांना पावणेपंचवीस.

हा एक आकडा पाठ असला की पुढचं गणित तोंडी करता येतं. ताईंनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

दुसरी पायरी: एक महिना दिवसादिवसाने मोजून बघा

बँक रोज दिवसअखेरीची बाकी धरते. सकाळी एक लाख काढले आणि संध्याकाळी तेवढेच भरले, तर त्या दिवशी त्यांच्यावर व्याज नाही. रविवार आणि सुट्टीचे दिवसही मोजले जातात, कारण बँक बंद असली तरी पैसे तुमच्याकडेच असतात. रोजचं व्याज बाजूला मोजलं जातं आणि महिन्याच्या शेवटी एकत्र करून खात्याला नावे टाकलं जातं. पूर्वी ते तीन महिन्यांनी टाकायची पद्धत होती. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २००२ पासून शेतीकर्ज सोडून इतर कर्जांना ते दरमहा लागतं.

ताईंचा मार्च असा गेला. १ तारखेला खात्यात १ लाख उचललेले होते. ४ तारखेला गडहिंग्लज बाजारातून संकेश्वरी मिरची घेतली, ३ लाख गेले. १२ तारखेला ब्याडगी मिरची आणि धणे, दीड लाख. १९ तारखेला तो ड्रॉवरमधला धनादेश जमा झाला, २ लाख. २६ तारखेला मजुरी आणि पाकिटांचं बिल, ५० हजार.

| तारखा | दिवसअखेरची उचल | दिवस | लाख गुणिले दिवस |
|---|---|---|---|
| १ ते ३ | १ लाख | ३ | ३ |
| ४ ते ११ | ४ लाख | ८ | ३२ |
| १२ ते १८ | ५.५ लाख | ७ | ३८.५ |
| १९ ते २५ | ३.५ लाख | ७ | २४.५ |
| २६ ते ३१ | ४ लाख | ६ | २४ |

शेवटच्या स्तंभाची बेरीज १२२ येते. तिला ३० ने गुणलं की ३,६६० रुपये, हे मार्चचं व्याज. मर्यादा ६ लाखांची आहे म्हणून ६ लाखांवर व्याज लागलं नाही. तसं असतं तर ते ५,५८० झालं असतं. महिनाअखेरीस ४ लाख उचललेले होते म्हणून पूर्ण महिना ४ लाखांवरही लागलं नाही. कुठल्या दिवशी किती उचल होती, एवढंच बघितलं गेलं.

आता तक्त्यातली तिसरी ओळ पुन्हा बघा. महिन्यातलं सगळ्यात जास्त व्याज त्या सात दिवसांचं आहे आणि धनादेश ड्रॉवरमध्ये पडून होता तेही हेच सात दिवस. तो बारा तारखेला जमा झाला असता तर ती ओळ साडेपाचऐवजी साडेतीन लाखांची झाली असती. व्याज ३,६६० वरून ३,२४० वर आलं असतं. माल तेवढाच, विक्री तेवढीच, गिऱ्हाईकही तेच.

संगणकावर करायचं असेल तर दुसऱ्या ओळीपासून B स्तंभात बाकी पूर्ण रुपयांत, C स्तंभात दिवस भरा आणि खाली हे सूत्र टाका. १०.९५ च्या जागी तुमचा दर घाला.

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)*10.95/36500
```

स्वतः काढलेला आकडा आणि उताऱ्यातला आकडा यांत दोन-चार रुपयांचा फरक पैशांच्या गोलाईमुळे पडतो. जास्त फरक दिसला तर आधी दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे उताऱ्यातला `Value Date` हा स्तंभ. व्याजासाठी ही तारीख धरतात आणि ती व्यवहाराच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. दुसरी म्हणजे महिन्याच्या मध्येच दर बदलला का? १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांची सूक्ष्म व लघु उद्योगांना दिलेली नवी बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, त्यामुळे दर मध्येच हलतो. मुदत कर्जात असा बदल झाला की हप्ता किंवा मुदत बदलते आणि लक्षात येतं. ओडीत तो आकडा गुपचूप व्याजात मिसळून जातो. सहकारी बँकेत खातं असेल तर तिथे दर कशाला जोडलेला आहे हे मंजुरीपत्रात वाचा.

दोन्ही तपासूनही फरक उरला तर शाखेला लेखी विचारा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

तिसरी पायरी: रोजची बाकी खाली ठेवायची सवय

ओडीतली बचत एखाद्या मोठ्या युक्तीत नसते, पैसा वाटेत कुठे थांबतो ते शोधण्यात असते. ताईंच्या काउंटरवर रोज साधारण १५ हजारांची विक्री होते. ती कपाटात ठेवून दर शनिवारी एकदम भरायची असा त्यांचा शिरस्ता होता. सोमवारचे पैसे पाच दिवस थांबायचे, मंगळवारचे चार, असं करत शुक्रवारचा एक. सगळे मिळून १५ हजारांचे पंधरा दिवस, म्हणजे सव्वादोन लाखांचा एक दिवस. आठवड्याला साडेसदुसष्ट रुपये, वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास. एका आठवड्याचा आकडा किरकोळ दिसतो. वर्षाचा आकडा एका मजुराच्या आठवड्याच्या पगाराशी ताडून बघितल्यावर ताईंनी रोज संध्याकाळी भरणा सुरू केला.

दुसरी गळती क्यूआर कोडची होती. गिऱ्हाइकं जो कोड स्कॅन करत होती तो ताईंच्या बचत खात्याला जोडलेला होता. तिथे ऐंशी हजार साचले होते आणि त्यांच्यावर बचत खात्याचं जेमतेम व्याज मिळत होतं. त्याच वेळी पलीकडे ओडीत त्याच रकमेवर १०.९५ टक्के भरले जात होते. बँकेला सांगून कोड ओडी खात्याला जोडून घेतला. घरखर्चासाठी मात्र महिन्याला एकदाच ठरलेली रक्कम बचत खात्यात वळवतात, रोज थोडे थोडे काढत नाहीत. धंद्याचं खातं घरखर्चाने भरलेलं दिसलं तर नूतनीकरणाच्या वेळी बँकेचा अधिकारी त्यावर बोट ठेवतोच.

उलट बाजूही सांगतो. भरत भरत खातं शून्याच्या वर गेलं, तर त्या वरच्या रकमेवर तुम्हाला व्याज मिळत नाही. तिथून पुढे ते चालू खात्यासारखं होतं. तसे पैसे बरेच दिवस पडून राहणार असतील तर त्यांना दुसरी जागा शोधा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ६ लाखांची मर्यादा पूर्ण वापरलेली असेल आणि बँकेने ५,५८० रुपये व्याज नावे टाकलं, तर बाकी ६,०५,५८० होते. तुम्ही एक रुपयाही न काढता मर्यादा ओलांडली. पुढच्या महिन्याचं व्याज या वाढलेल्या रकमेवर लागतं, शिवाय मर्यादा ओलांडल्याचा दंडही लागू शकतो. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना हा दंड शुल्क म्हणून वेगळाच लावावा लागतो, व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर व्याजही आकारता येत नाही. तरी ती वेळच येऊ नये म्हणून मर्यादेत महिन्याच्या व्याजाएवढी जागा कायम मोकळी ठेवा.

चौथी पायरी: मर्यादा मिळाली म्हणजे तेवढे पैसे उचलता येतील असं नाही

मर्यादा किती मागायची याचा एक जुना ठोकताळा अजून वापरात आहे. तो नायक समितीच्या नावाने ओळखला जातो. पुढच्या वर्षी होऊ शकणाऱ्या उलाढालीच्या २५ टक्के एवढं खेळतं भांडवल धंद्याला लागतं असं धरायचं. त्यातलं ५ टक्के मालकाने आणायचं आणि २० टक्के बँकेने द्यायचं. ताईंची उलाढाल ३० लाखांची, म्हणून मर्यादा ६ लाखांची.

पण ती माल नजरगहाण ठेवून मिळालेली मर्यादा आहे, म्हणजे सीसी. अशा खात्यात दर महिन्याला साठापत्रक द्यावं लागतं आणि त्यावरून बँक उचल क्षमता काढते. बँकेत तिला ‘डीपी’ म्हणतात. हिशेब साधा आहे. शिल्लक माल आणि येणी यांची बेरीज करायची, मालाचे जे पैसे अजून व्यापाऱ्याला द्यायचे आहेत ते वजा करायचे, उरलेल्यातून मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा वाटा, काढायचं. मार्जिन बहुधा २५ टक्के असतं. येण्यांवर काही बँका ते जास्त ठेवतात आणि बहुतेक ठिकाणी ९० दिवसांपेक्षा जुनी येणी धरतच नाहीत.

ताईंकडे मार्चअखेर ६ लाखांचा माल, अडीच लाखांची येणी आणि ५० हजारांची देणी होती. उरले ८ लाख. त्याचे ७५ टक्के म्हणजे ६ लाख. डीपी मर्यादेइतकीच आली, काही अडचण नाही.

हंगामी धंद्याची खरी गोची फेब्रुवारीत होते. जुनी मिरची संपत आलेली असते, माल कमी, म्हणून डीपीही कमी. आणि पैसे लागतात नेमके त्याच वेळी. यावर उपाय म्हणजे सगळी खरेदी एकदम करायची नाही. आपल्या वाट्याचं भांडवल आणि असलेली डीपी वापरून पहिली खेप घ्यायची. माल गोदामात उतरला की महिनाअखेरची वाट न पाहता त्याच आठवड्यात नवं साठापत्रक बिलांसकट शाखेत द्यायचं. डीपी वाढली की दुसरी खेप. ताईंची ४ तारखेची आणि १२ तारखेची खरेदी अशी दोन टप्प्यांत होण्यामागचं कारण हेच आहे. घर किंवा गाळा तारण असलेल्या ओडीत सहसा ही अडचण येत नाही, कारण तिथे उचल मालावर अवलंबून नसते. तिथे धोका दुसरा असतो: धंदा अडकला तर घर अडकतं.

साठापत्रक द्यायला आळस करू नका. तीन महिन्यांपेक्षा जुन्या पत्रकावर आधारलेली उचल अनियमित धरली जाते.

पाचवी पायरी: पैसा कशात जातोय ते बघून कर्ज निवडा

ताईंना नवं कांडप यंत्र घ्यायचं होतं. यंत्र, मोटर आणि जोडणी धरून ६ लाख. त्यातले दीड लाख त्यांनी साठवले होते, साडेचार लाख कमी पडत होते. ओडीत तेव्हा जवळजवळ सगळी मर्यादा मोकळी होती. त्यांचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता: “दर दोन्हीकडे सारखाच आहे, मग ओडीतूनच काढले तर काय बिघडलं? कागदपत्रांचा व्याप तरी वाचेल.”

व्याजाच्या दराकडे बघितलं तर काहीच बिघडत नाही. बिघडतं ते परतीच्या वाटेवर. मिरचीत घातलेला पैसा दोन-चार महिन्यांत मसाला होऊन, विकला जाऊन खात्यात परत येतो. यंत्रात घातलेला पैसा पाच-सहा वर्षं थोडा थोडा नफ्यातून परत येतो. ओडीत तो भरून काढा असं कुणी सांगत नाही, म्हणून तो भरला जात नाही.

साडेचार लाख मुदत कर्जातून, १०.९५ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता ९,७७३ रुपयांच्या आसपास येतो. पहिल्या हप्त्यात ४,१०६ व्याज आणि ५,६६७ मुद्दल. मुद्दल घटत जातं तसं व्याजही घटत जातं. पाच वर्षांत एकूण व्याज साधारण १ लाख ३६ हजार, आणि शेवटी कर्ज शून्य. हेच साडेचार लाख ओडीत पाच वर्षं तसेच पडून राहिले तर व्याज जातं सुमारे २ लाख ४६ हजार, आणि पाच वर्षांनीही साडेचार लाख देणं उभंच.

डीपीचं बघा. यंत्र हा शिल्लक माल नाही, त्यामुळे ते साठापत्रकात येत नाही. समजा पावसाळ्यात ३ लाखांचा माल, १ लाखाची येणी आणि १ लाखाची देणी आहेत. उरले ३ लाख, त्याचे ७५ टक्के म्हणजे सव्वादोन लाख डीपी. खात्यात उचललेले साडेचार लाख. सव्वादोन लाख उघडे पडले. मर्यादा ६ लाखांची असली तरी बँकेच्या दृष्टीने खातं डीपीच्या वर गेलं आहे. अशी स्थिती सलग ९० दिवस राहिली तर खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए, होतं. खात्यात सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही किंवा जमा रक्कम त्या काळातल्या व्याजाएवढीही नसली, तरी तेच होतं. ‘ओडीला हप्ता नसतो’ या वाक्यावर विसंबणारे इथे फसतात. हप्ता नसतो, पण खातं हलतं ठेवायचं बंधन असतं.

आता उलटी चूक. मिरचीसाठी ओडी न घेता १२ महिन्यांचं ५ लाखांचं मुदत कर्ज घेतलं तर? हप्ता येतो ४४,१७९ रुपयांच्या आसपास, वर्षाचं व्याज सुमारे ३०,१५० रुपये. ओडीत ताईंची उचल मार्च ते मे सरासरी ५ लाख, जून ते ऑगस्ट ३ लाख, सप्टेंबर ते नोव्हेंबर २ लाख आणि नंतर ५० हजार असते. त्याचं वर्षाचं व्याज २८,९०० च्या आसपास होतं. म्हणजे व्याजात मोठा फरक नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ओडी नेहमीच स्वस्त पडते असं समजून लोक ती घेतात. फरक हप्त्याच्या वेळेचा आहे. मुदत कर्जाचा पहिला ४४ हजारांचा हप्ता एप्रिलमध्ये येतो, तेव्हा मिरची अजून पोत्यात असते. दोन-तीन हप्ते भरायला खिशातला पैसा लागतो किंवा कच्ची मिरची पडेल भावाने विकावी लागते. आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा नवा अर्ज, पुन्हा प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

ताईंनी शेवटी यंत्र मुदत कर्जातून घेतलं आणि ओडी मिरचीसाठी मोकळी ठेवली. मुद्रा योजनेत दोन्ही प्रकारची कर्जं मिळतात, त्यामुळे एकाच अर्जात दोन्ही मागता येतात. अर्जात मात्र यंत्राचं कोटेशन वेगळं आणि खेळत्या भांडवलाचा हिशेब वेगळा जोडा. दोन्ही एकत्र करून ‘साडेदहा लाख हवेत’ असं लिहिलेला अर्ज शाखेतून परत आलेला मी पाहिला आहे.

सही करण्याआधी शाखेत एवढं विचारून घ्या: न वापरलेल्या मर्यादेवर शुल्क आहे का, नूतनीकरणाला दरवर्षी किती लागेल, आणि मुदत कर्ज लवकर फेडलं तर काही आकार आहे का.

सहावी पायरी: तुमची ओडी आधीच अडकली आहे का, ते ओळखा

गेल्या बारा महिन्यांचा उतारा काढा. त्यात जास्तीत जास्त उचल किती होती ते बघू नका. सगळ्यात कमी उचल कुठल्या दिवशी होती ते शोधा.

ताईंचा तो आकडा डिसेंबरात ४० हजारांवर आला होता. याचा अर्थ मिरचीत गेलेला जवळजवळ सगळा पैसा फिरून परत आला. हे खातं निरोगी आहे. दुसऱ्या एका वर्कशॉपवाल्याचा उतारा मी बघितला, त्याची मर्यादाही ६ लाखांचीच. वर्षभरात त्याची उचल ३ लाखांच्या खाली एकदाही गेली नव्हती. त्याने दोन वर्षांपूर्वी ओडीतून लेथ मशीन घेतलं होतं आणि विसरून गेला होता. त्याच्यासाठी ती ६ लाखांची मर्यादा उरलीच नव्हती. वरचे ३ लाख तेवढे फिरत होते, खालचे ३ लाख गाळासारखे बसलेले होते. मोठं काम आलं की तो पोलादाच्या व्यापाऱ्याकडून महिना दोन टक्क्यांनी उधार घेत होता, म्हणजे वर्षाचे २४ टक्के.

अशा वेळी बँकेला सांगून तो बसलेला भाग वेगळा काढून त्याचं मुदत कर्ज करून घेता येतं. त्याच्या बाबतीत ३ लाख ३६ महिन्यांसाठी वेगळे काढले. हप्ता ९,८१४ रुपये आला आणि ओडीची मर्यादा ६ वरून ४ लाखांवर आणली गेली. मर्यादा कमी झाली म्हणून आधी तो नाराज होता. पण आधी त्याच्या हातात खेळायला ३ लाख होते, आता पूर्ण ४ लाख आले.

हे बोलणं खातं सुरळीत असतानाच, शक्यतो वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी करा. खातं थकल्यावर तीच मागणी केली तर बँक तिला कर्जाची पुनर्रचना धरू शकते आणि तुमच्या नोंदीवर त्याचा परिणाम होतो. नूतनीकरणाची तारीखही चुकवू नका. मुदत संपल्यापासून १८० दिवसांत मर्यादेचं नूतनीकरण झालं नाही, तर व्यवहार चोख असले तरी खातं अनुत्पादित धरलं जातं. ताळेबंद आणि जीएसटी विवरणपत्रं तारखेच्या दोन महिने आधी तयार ठेवली तर शाखेतल्या फेऱ्या वाचतात.

लेथवाल्याने घरी गेल्यावर पहिल्यांदा उतारा काढला तो बायकोच्या नावावरच्या दुसऱ्या ओडीचा. तिथे सगळ्यात कमी उचल दीड लाख होती. दुचाकी तिथून घेतली होती.